धागा: भाडेकरूला नाही म्हणायचंय, पण ज्या कारणाने ती दुखावली ते माझं नव्हतंच

अंगणवेल (मंगळवार, दुपारी २.१०)

कर्वेनगरला माझा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आधीचे भाडेकरू गेल्या महिन्यात गेले. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. जागा दाखवायचं काम एका एजंटकडे दिलंय.

गुरुवारी एका कंपनीतर्फे एक जण जागा बघून गेले. करार कंपनी करणार, ३ वर्षांसाठी. सोमवारपर्यंत कळवतो म्हणाले. शनिवारी एक बाई आल्या, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. बाई एका हॉस्पिटलात नर्स आहेत, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. त्यांनी बाथरूमचा नळ सोडून बघितला, पाणी किती वाजता येतं विचारलं. मग पूर्वेकडच्या खोलीच्या खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "इथे जाड पडदा लावता येईल ना? मला दिवसा झोपावं लागतं." मुलीने तोवर आपलं दप्तर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं होतं. मला मनापासून बरं वाटलं आणि मी म्हणाले, "सोमवारी फायनल करू." आधी कोणीतरी बघून गेलंय हे सांगितलं नाही.

सोमवारी कंपनीने होकार कळवला. मी एजंटला फोन करून म्हटलं, त्या बाईंना नाही म्हणून सांगा. आज सकाळी त्यांचा मेसेज आला: "ताई, कारण कळलं. एकट्या बाईला देत नाही हे आधीच सांगितलं असतं तर लेकीला घेऊन आले नसते."

मी असं म्हटलेलं नाही! एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, काहीतरी सांगावं लागतं, सोसायटीचं नाव सांगितलं की पार्टी वाद घालत नाही." वर त्याने त्यांच्याकडून मला न विचारता २,००० रुपये टोकन घेतलंय, आणि ते "दुसऱ्या जागेत अ‍ॅडजस्ट करतो" म्हणतोय.

नकार तर द्यायचाच आहे. पण आता काय सांगू आणि कसं?

---

रामभाऊ६२ (दुपारी २.३२)

ताई, फार मनाला लावून घेऊ नका. आमच्या वेळेपासूनची रीत आहे, "गावाहून दीर येणार आहेत, त्यामुळे सध्या भाड्याने देत नाही" असं सांगायचं. कोणाचं मन दुखत नाही, विषय संपतो. जागा आपली, आपण कोणाला कारण द्यायला बांधील नाही. वकीलही हेच सांगतील.

---

भाड्याचं_घर (दुपारी २.५०)

रामभाऊ काका, आदर ठेवून सांगते, मन दुखतं. मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे.

२०१८ साली मी आणि नवरा जागा शोधत होतो. एका ठिकाणी मालकांनी बसवून चहा दिला, सगळं ठरल्यासारखं बोलणं झालं. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं, पुढची दोन मिनिटं जरा इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग अचानक "आमचा भाचा येणार आहे शिकायला" निघालं. घरी आल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीला त्याच नंबरवर फोन करायला लावला. तिचं आडनाव वेगळं. तिला म्हणाले, "हो हो, जागा आहे, संध्याकाळी या."

तोंडावर नाही म्हणाले असते तर एक दिवस वाईट वाटलं असतं. त्या भाच्याने मला वर्षभर छळलं, कारण पुढे कुठेही नकार मिळाला की वाटायचं, हेही तेच असणार. खोटं कारण दिलं की समोरच्याला खऱ्या कारणाचा अंदाज बांधावा लागतो, आणि माणूस सगळ्यात वाईट अंदाजच बांधतो.

शिवाय हल्ली जाहिरात साइटवर तशीच राहते. ताई, तुमच्या जागेची जाहिरात काढली का? त्या बाईंना आजही ती दिसत असेल.

---

अंगणवेल (दुपारी ३.०५)

नाही काढली. आत्ता काढते. हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

काळाकोट_पुणे (दुपारी ३.४०)

भाड्याच्या करारांचं काम रोज करतो म्हणून लिहितो.

रामभाऊंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खासगी मालकाने भाडेकरू नाकारताना कारण द्यावं असं आपल्याकडे बंधन नाही. धर्म बघून घर नाकारलं तर खासगी मालकावर थेट लागेल असा सर्वसाधारण कायदाही नाही. पण "काहीही चालतं" असंही नाही. एचआयव्हीबाधित आहे म्हणून भाड्याने जागा नाकारणं २०१७ च्या कायद्याने मना आहे. तृतीयपंथी व्यक्तीला त्या कारणाने नाकारणं २०१९ च्या कायद्याने मना आहे. या दोन्हींत घर भाड्याने घेण्याचा उल्लेख स्पष्ट आहे आणि बंधन फक्त सरकारवर नाही, तुमच्या-माझ्यावरही आहे.

आता अंगणवेल ताईंचा मुद्दा. तुमच्याकडे खरं कारण आहे आणि ते उत्तम आहे: आधी बघून गेलेल्या पार्टीचं पक्कं झालं. हे वाक्य त्या बाईंना पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं असतं तर हा धागा निघालाच नसता. शनिवारी तुम्ही "आधी एक जण बघून गेलेत, त्यांचं सोमवारी कळेल, त्यांचं नाही झालं तर तुम्ही" एवढं म्हणायला हवं होतं. नकाराची निम्मी तयारी जागा दाखवतानाच होते.

दुसरी चूक, नकार एजंटच्या तोंडी दिलात. एजंटला त्या पार्टीला पुढची जागा दाखवायची असते, म्हणून तो वाद होणार नाही असं कारण निवडतो. सोसायटीचं नाव घेतलं की पार्टी गप्प बसते हे त्याला अनुभवाने माहीत असतं. पण ते कारण तुमच्या नावावर जमा होतं. एजंटला काही सांगायचंच असेल तर वाक्य तुम्ही ठरवून द्या, आणि त्यापुढे एक शब्द जोडायचा नाही असं बजावा.

टोकनबद्दल: मालकानेच नकार दिला तर टोकन पूर्ण परत, आजच्या आज. "अ‍ॅडजस्ट" वगैरे काही नाही. एजंट टाळाटाळ करत असेल तर तुम्ही तुमच्या खिशातून त्यांना २,००० पाठवा आणि एजंटशी नंतर भांडा. ती तुमच्या जागेसाठी दिलेली रक्कम आहे, तुमचा आणि एजंटचा हिशोब हा त्यांचा प्रश्न नाही.

---

मुठेकाठ (दुपारी ४.०२)

मी पण विचारणारच होतो. माझा भाडेकरू ११ महिने संपले तरी जागा सोडत नाहीये, त्याला न दुखावता कसं सांगायचं? नोटीस पाठवली तर संबंध बिघडतील का?

---

काळाकोट_पुणे (दुपारी ४.१५)

मुठेकाठ, हा वेगळा विषय आहे. इथे अजून भाडेकरू झालेल्याच नाहीत अशा व्यक्तीबद्दल चाललंय. तुमचा करार रजिस्टर असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नवा धागा काढा, तिथे बोलू.

---

सोसायटी_सेक्रेटरी (दुपारी ४.४०)

मी स्वतः एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. एजंट चुकला, मान्य. पण सोसायटीची एनओसी लागतेच आणि बऱ्याच सोसायट्यांत बॅचलर आणि एकट्या राहणाऱ्यांना देऊ नये असा ठराव असतो. मालकाने तो मोडून दिलं तर त्रास आम्हाला होतो. त्यामुळे "सोसायटीचा नियम" हे कारण दरवेळी खोटंच असतं असं नाही.

---

काळाकोट_पुणे (संध्याकाळी ५.०५)

सेक्रेटरी साहेब, आदर्श उपविधींप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. सभासदाने ८ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तो शासन आदेश २००१ चा आहे. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते बघून घ्या. पण सर्वसाधारण सभेत हात वर करून केलेला "बॅचलर नकोत" हा ठराव म्हणजे उपविधी नव्हे.

त्यामुळे मालकांना माझं सांगणं, जे कारण कागदावर दाखवता येत नाही ते सोसायटीच्या नावावर ढकलू नका. समोरच्या बाईंनी सोसायटीत फोन करून विचारलं तर?

---

सोसायटी_सेक्रेटरी (संध्याकाळी ५.३०)

उपविधी मला ठाऊक आहेत. पण रात्री दोनला गाणी वाजतात तेव्हा कायदा सांगणारे खाली येत नाहीत, मी येतो. तेवढंच म्हणायचं होतं.

---

नर्मदा_आजी (संध्याकाळी ६.१०)

अंगणवेल, एक विचारते, रागावू नकोस. कंपनीचं सोमवारी आलं नसतं, तर त्या नर्सबाईंना जागा दिली असतीस का? खरं सांग. एजंटच्या डोक्यात ते वाक्य कुठून आलं?

---

अंगणवेल (संध्याकाळी ६.५५)

आजी, दोन तास हेच घोळतंय डोक्यात.

रविवारी आमच्या सेक्रेटरींचा फोन आला होता. त्यांनी शनिवारी त्या नर्सबाईंना जिन्यात बघितलं होतं. "नवरा नाही का सोबत? रात्रीचं येणं-जाणं कसं काय?" वगैरे. मी त्यांना "बघते" म्हणाले आणि तेच एजंटला फोनवर बोलून दाखवलं, "सेक्रेटरी असं विचारत होते." त्या कारणाने जागा नाकार असं मी सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य माझ्याच तोंडून त्याच्याकडे गेलं.

कंपनी आली नसती तर दिलं असतं का? दिलं असतं असं वाटतं. पण रविवारी रात्री मी जरा रेंगाळले होते हेही खरं. सोमवारी कंपनीचा होकार आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

---

नर्मदा_आजी (संध्याकाळी ७.२०)

खरं बोललीस. आता तुझा मेसेज लिहिताना हे लक्षात ठेव की एजंटने पूर्ण बनवून सांगितलं नाही. त्याच्यावर सगळं ढकलू नकोस.

---

एडिसनकर (संध्याकाळी ७.४५)

मी न्यू जर्सीत राहतो, इथे माझं एक टाउनहाउस भाड्याने आहे. इथली पद्धत सांगतो, तिकडे जशीच्या तशी लागू नाही हे माहीत आहे.

धर्म, वंश, मूळ देश, लहान मुलं असणं, लग्न झालंय की नाही, उत्पन्न पगाराचं आहे की सरकारी मदतीचं, यातल्या कुठल्याही कारणाने नाही म्हणता येत नाही. अंगणवेल यांच्या एजंटने इथे ते वाक्य उच्चारलं असतं तर तक्रार थेट मालकावर आली असती. म्हणून आम्ही जाहिरात टाकायच्या आधीच निकष कागदावर लिहितो: उत्पन्न भाड्याच्या किती पट हवं, किती माणसं राहणार, कधीपासून हवंय, आधीच्या मालकाचा फोन नंबर. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. अर्ज कागदपत्रांसह ज्याचा आधी पूर्ण झाला, त्याचा आधी विचार. क्रेडिट रिपोर्ट बघून नाकारलं तर लेखी कळवावं लागतं, रिपोर्ट कोणी दिला हे सांगावं लागतं आणि त्या माणसाला ६० दिवसांत तो फुकट मागवून चूक असेल तर दुरुस्त करून घेता येतो.

मला सुरुवातीला हे सगळं जाचक वाटलं होतं. आता असं झालंय की नाही म्हणणं दोन ओळींचं काम आहे, कारण माझ्याकडे दाखवायला कागद असतो.

---

भाड्याचं_घर (संध्याकाळी ८.०५)

"सगळ्यांना तेच प्रश्न" हे मला फार पटलं. मला त्या घरी विचारलं होतं, "तुमच्याकडे काय काय शिजतं?" मैत्रिणीला विचारलंच नाही. प्रश्नाच्या निवडीतच उत्तर असतं.

---

अंगणवेल (रात्री ८.३०)

मी मेसेज लिहिलाय. बघून सांगा:

"नमस्कार. एजंटने तुम्हाला जे सांगितलं त्याबद्दल मला खूप खूप वाईट वाटतंय. माझा एकट्या राहणाऱ्या बायकांना बिलकुल विरोध नाही, उलट मला तुमच्याबद्दल फार आदर वाटतो. माझी मावसबहीण पण एकटीच मुलाला वाढवते, त्यामुळे मला हे सगळं समजतं. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. एका कंपनीने ३ वर्षांसाठी जागा घेतली आहे, नाहीतर मी तुम्हालाच दिली असती. पुढे कधी जागा रिकामी झाली तर नक्की कळवेन. तुमच्या मुलीला खूप खूप आशीर्वाद."

---

काळाकोट_पुणे (रात्री ८.५०)

मोठा झालाय. आणि ३ वर्षांनी "नक्की कळवेन" हे तुम्ही पाळणार नाही, काढून टाका.

---

भाड्याचं_घर (रात्री ९.०५)

ताई, तळमळ दिसते. पण मी ती असते तर मला काय वाटलं असतं ते सांगते.

मावसबहिणीचं वाक्य वाचून वाटलं असतं, म्हणजे ह्यांनी मला "एकटी बाई" म्हणूनच बघितलं होतं. "विरोध नाही", "आदर वाटतो" ही वाक्यं तिला परत त्याच खणात बसवतात. ती फक्त जागा बघायला आली होती. "गैरसमज करून घेऊ नका" म्हणजे चूक तिची झाली. आणि "नाहीतर तुम्हालाच दिली असती" हे, तुम्ही वर जे लिहिलंत ते वाचल्यावर, पूर्ण खरंही नाही.

माफी एकाच गोष्टीची मागा: शनिवारी आधीच्या पार्टीबद्दल सांगितलं नाही. आणि एजंटचं वाक्य एका ओळीत मोडून काढा. बाकी काही नको.

---

नर्मदा_आजी (रात्री ९.२०)

मेसेज नको, आधी फोन कर. ती घरी येऊन, मुलीला घेऊन जागा बघून गेली आहे. लिहिलेलं नंतर पाठव. आणि फोन करायच्या आधी विचार, त्यांची आज रात्रपाळी आहे का. सकाळी दहाला त्या झोपलेल्या असतील.

---

रामभाऊ६२ (रात्री ९.४०)

मला एक पटत नाही. ताई "सोमवारी फायनल करू" म्हणाल्या होत्या. आमच्या पिढीत हा शब्द झाला. कंपनीने अजून सही केलेली नाही. मग त्या बाईंनाच का देत नाही जागा? इतकं वाईट वाटत असेल तर.

---

काळाकोट_पुणे (रात्री ९.५५)

कंपनीला गुरुवारीच शब्द दिला असेल तर तो आधीचा.

---

अंगणवेल (रात्री १०.१५)

गुरुवारी त्यांना म्हणाले होते, "सोमवारपर्यंत तुमच्यासाठी थांबते." तो शब्द होता. शनिवारचं "फायनल करू" हा मी द्यायलाच नको होता असा शब्द होता. रामभाऊ काका, तुम्ही म्हणता ते टोचतंय. पण आता कंपनीला नाही म्हटलं तर तिसरी चूक होईल.

---

रामभाऊ६२ (रात्री १०.२५)

ठीक. मी तरी त्या बाईंना दिली असती.

---

अंगणवेल (बुधवार, संध्याकाळी ५.२०)

सांगते काय झालं.

सकाळी फक्त एवढंच पाठवलं: "तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचं आहे. तुम्हाला कधी फोन केलेला चालेल?" त्यांनी ४ नंतर म्हणून कळवलं. दुपारी एजंटने टोकन दिलं नाही, म्हणून मीच त्यांना २,००० पाठवले आणि त्याला तसं सांगितलं.

चारला फोन केला. हे समोर कागदावर लिहून ठेवलं होतं, तेवढंच बोलले:

"तुमच्या आधी गुरुवारी एकांनी जागा बघितली होती आणि सोमवारपर्यंत थांबते असं मी त्यांना म्हणाले होते. त्यांचं पक्कं झालं, म्हणून तुम्हाला जागा देता येत नाही. हे शनिवारीच तुम्हाला सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही, माफ करा. एकट्या बाईला जागा द्यायची नाही असं मी एजंटला सांगितलेलं नाही. सोसायटीतल्या एकांनी मला काही विचारलं होतं आणि ते मी एजंटपाशी बोलले, ते मी बोलायला नको होतं."

जरा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे सोसायटीत काही नियम नाही ना तसा?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी त्या गल्लीतल्या बाकी जागा बघायच्याच सोडल्या होत्या. सगळीकडे तेच असणार असं वाटलं."

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. एका खोट्या कारणाने त्यांनी अख्खी गल्लीच सोडली होती. त्यांना हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून तो भाग हवा होता.

नंतर मेसेजमध्ये हेच तीन ओळींत पाठवलं. त्यांनी शनिवारी आधार कार्ड आणि पगाराच्या पावतीचे फोटो पाठवले होते, ते माझ्या फोनवरून काढून टाकले आणि तसं कळवलं. एजंटलाही काढायला सांगितलं. त्याने काढले का, मला माहीत नाही.

---

एडिसनकर (संध्याकाळी ५.४५)

कागदपत्रं काढून टाकल्याचं कळवलंत हे फार चांगलं केलंत. जागा बघायला गेलेल्या माणसाची आधार कार्डं किती फोनांमध्ये पडून असतात. खरं तर नक्की होईपर्यंत ती मागूच नयेत.

---

काळाकोट_पुणे (संध्याकाळी ६.००)

बरोबर. आधार आणि पॅन कराराच्या मसुद्याच्या वेळी लागतात. जागा बघताना किती माणसं, कधीपासून, किती दिवसांसाठी, भाडं कोण भरणार, करार रजिस्टर करायला आणि पोलिसांना माहिती द्यायला तयारी आहे का, एवढं विचारलं की पुरतं. अंगणवेल ताई, कंपनीचाही करार रजिस्टरच करा. ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे.

---

कट्ट्यावरची_चिऊ (संध्याकाळी ६.३५)

धागा वाचून माझा प्रश्न विचारते. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, वरचा मजला भाड्याने देतो. सासूबाईंचं सोवळं आहे, वर मांसाहार शिजला तर त्यांना त्रास होतो. त्या ८४ वर्षांच्या आहेत. हे मला खोटं कारण देऊन लपवायचं नाही. जाहिरातीतच "फक्त शाकाहारी" लिहिलं तर चालेल का? म्हणजे येऊन नकार ऐकावा लागणार नाही.

---

भाड्याचं_घर (संध्याकाळी ७.०५)

चिऊ, तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही आधीच सांगताय हे बरं. पण माझ्यासाठी ती पाटीच नकार असते. आमच्यासारख्यांना "फक्त शाकाहारी" चा अर्थ शाकाहारापुरता राहत नाही. मी स्वतः घरात मांसाहार करत नाही, तरी ती ओळ वाचून मी फोन केलेला नाही, एकदाही नाही.

---

कट्ट्यावरची_चिऊ (संध्याकाळी ७.१५)

मग जाहिरातीत न लिहिता फोनवर सांगू का? "वर मांसाहार शिजवू नये, घरात वयस्क आहेत" असं, सगळ्यांना सारखंच?

---

नर्मदा_आजी (संध्याकाळी ७.३०)

मला वाटतं हो, फोनवर, नाव विचारायच्या आधी. आधी अट सांग आणि मग नाव विचार. अट ऐकून ज्याला जमेल तो पुढे बोलेल, आणि मग त्याचं आडनाव काही का असेना, तू नाही म्हणायचं नाहीस. तेवढी तयारी आहे का घरात, ते आधी बघ.

---

भाड्याचं_घर (संध्याकाळी ७.५०)

आजींचं ऐकून थोडं पटतंय, पण पूर्ण नाही. विचार करते.

---

कट्ट्यावरची_चिऊ (रात्री ९.१०)

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "शिजवलं नाही म्हणजे झालं, माणूस कोण का असेना." नवरा मात्र अजून गप्प आहे.